मॅट्रिक्सची दहावी, शंभरावी पॉवर: डायगोनलायझेशनबद्दल सेकंड इयरची पोरं मला सतत विचारतात ते प्रश्न

रविवारी सकाळी कर्वेनगरला माझ्याकडे सेकंड इयरची पोरं येतात, काही इंजिनिअरिंगची, काही बीएस्सीची, आणि लिनिअर अल्जेब्रा सुरू झालं की दरवर्षी प्रश्न तेच ते येतात. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. सगळीकडे शक्यतो एकच मॅट्रिक्स वापरलंय म्हणजे धागा सुटणार नाही. मॅट्रिक्स एका ओळीत लिहिताना मी `[4 1; 2 3]` असं लिहिलंय, सेमीकोलन आला की पुढची रो सुरू. वही-पेन घेऊन बसा, नुसतं वाचून यातलं काही हाताला लागत नाही.

ताई, A^10 काढायला एवढा खटाटोप कशाला? गुणत बसलं तर काय होतं?

काहीच होत नाही, उत्तर येतं. आधी `A = [4 1; 2 3]` घेऊन A^2 काढून बघ, `[18 7; 14 11]` येतं. (ज्यांना `[16 1; 4 9]` आलं त्यांनी प्रत्येक आकड्याचा वेगळा वर्ग केलाय, ती मॅट्रिक्सची पॉवर नव्हे. हे डायगोनल मॅट्रिक्सला हमखास चालतं आणि आपला सगळा खेळ त्याच्यावरच आहे.)

आता A^10 साठी नऊ वेळा गुणायचीही गरज नाही. A^2 वरून A^4, त्यावरून A^8, मग A^8 ला A^2 ने गुणलं की झालं, चार गुणाकार. A^100 सुद्धा अशा पद्धतीने आठ गुणाकारात येतं. त्यामुळे नुसती एक ठरावीक पॉवर आकड्यात हवी असेल तर डायगोनलायझेशन हा एकमेव रस्ता आहे असं मी म्हणणार नाही. पण गुणून तुला A^10 मिळालं तर फक्त A^10 मिळालं, A^11 कसं दिसेल, n वाढत गेला की कुठला आकडा किती वेगाने वाढतो, कुठे जाऊन स्थिर होतो का, यातलं काहीच त्यातून कळत नाही. डायगोनलाइज केलं की A^n चं n मधलं सूत्रच हातात येतं. मग n = 10 टाक नाहीतर n = 1000 टाक.

PDP⁻¹ पाठ आहे, पण त्याचा अर्थ काय ते कुणी सांगतच नाही.

सांगते. `[4 1; 2 3]` हे मॅट्रिक्स (1, 0) ला (4, 2) वर नेतं, म्हणजे ताणतंही आणि वळवतंही. बहुतेक व्हेक्टरांचं हेच होतं, दिशा बदलते. पण (1, 1) ला गुणून बघ: 4+1 = 5 आणि 2+3 = 5, म्हणजे (5, 5). दिशा तीच, फक्त पाचपट झाला. आणि (1, -2) ला गुणलं तर 4-2 = 2 आणि 2-6 = -4, म्हणजे (2, -4), हा दुप्पट झाला. या दोन दिशांमध्ये मॅट्रिक्स नुसता गुणाकाराचा पाढा म्हणतं. त्या दिशा म्हणजे आयगेनव्हेक्टर आणि 5 आणि 2 या आयगेनव्हॅल्यू.

आता (1, 0) ला या दोन दिशांमध्ये फोडायचं:

```
(1, 0) = (2/3)(1, 1) + (1/3)(1, -2)
```

दहा वेळा A लावलं तर पहिला तुकडा 5^10 पट होणार, दुसरा 2^10 पट. दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. शेवटी दोन्ही परत जोडायचे.

A = PDP⁻¹ मध्ये P चे कॉलम म्हणजे हे आयगेनव्हेक्टर आणि D च्या डायगोनलवर 5 आणि 2. P⁻¹ हेच फोडायचं काम करतं, D^n प्रत्येक तुकड्याला त्याच्या पटीने वाढवतं आणि P परत जोडतं. सूत्र उजवीकडून डावीकडे वाचायचं, कारण व्हेक्टर उजवीकडून येतो. आणि (PDP⁻¹)(PDP⁻¹) लिहिलं की मधे P⁻¹P समोरासमोर येऊन आयडेंटिटी होतं, उरतं PD²P⁻¹. कितीही वेळा गुणा, मधले सगळे असेच उडतात.

एक पूर्ण गणित करून दाखव ना, एकही स्टेप न गाळता.

हो, तेच मॅट्रिक्स घेऊ.

कॅरेक्टरिस्टिक इक्वेशन: 2×2 ला ते थेट λ² − (ट्रेस)λ + (डिटर्मिनंट) = 0 असं लिहायचं. ट्रेस 4+3 = 7, डिटर्मिनंट 12−2 = 10. म्हणजे λ² − 7λ + 10 = 0, त्यातून λ = 5 आणि λ = 2.

λ = 5 साठी A − 5I = `[-1 1; 2 -2]`. दोन्ही रो एकच गोष्ट सांगतात, x = y. म्हणून (1, 1). इथे एक खूण लक्षात ठेव: 2×2 मध्ये A − λI च्या दोन रो एकमेकींच्या पटीत आल्याच पाहिजेत, नाही आल्या तर λ चुकलाय, पुढे जायचंच नाही, मागे फिरायचं. कितीतरी पोरं इथे वेगवेगळ्या रो येऊनही "x = 0, y = 0" लिहून पुढे जातात, आणि शून्य व्हेक्टर आयगेनव्हेक्टर म्हणून कधीच चालत नाही.

λ = 2 साठी A − 2I = `[2 1; 2 1]`, म्हणजे 2x + y = 0, म्हणून (1, -2).

हे दोन व्हेक्टर कॉलम म्हणून उभे लावायचे:

```
P   = [1 1; 1 -2]
D   = [5 0; 0 2]
P⁻¹ = (1/3) [2 1; 1 -1]
```

P चा डिटर्मिनंट −2−1 = −3 आहे, अ‍ॅडजॉइंट `[-2 -1; -1 1]`, त्याला −3 ने भागलं की वरचं P⁻¹ येतं. मायनसचा घोळ जास्त करून इथेच होतो म्हणून P गुणिले P⁻¹ आयडेंटिटी येतंय ना हे लगेच बघून घ्यायचं, अर्धा मिनिट लागतं.

आता PD^n म्हणजे P च्या पहिल्या कॉलमला 5^n ने आणि दुसऱ्याला 2^n ने गुणायचं, त्याला उजवीकडून P⁻¹ ने गुणायचं:

```
A^n = (1/3) [ 2·5^n + 2^n      5^n − 2^n   ;
              2·5^n − 2·2^n    5^n + 2·2^n ]
```

n = 10 टाकू. 5^10 = 9765625 आणि 2^10 = 1024:

```
A^10 = [ 6510758  3254867 ;
         6509734  3255891 ]
```

पहिला कॉलम बघ, वर (1, 0) चे तुकडे केले होते तोच हिशोब इथे आलाय.

उत्तर बरोबर आलं की नाही हे कसं कळणार? परीक्षेत कुणाला विचारणार?

याचं उत्तर जरा लांबच देणार आहे, कारण पोरं चेक करतात पण भलताच चेक करतात.

पहिला चेक, n = 0. सूत्रात n = 0 टाकलं की आयडेंटिटी यायला पाहिजे. आपल्याकडे (2+1)/3 = 1, (1−1)/3 = 0, (2−2)/3 = 0, (1+2)/3 = 1. छान. यातून P⁻¹ मधली चूक सापडते.

दुसरा चेक, ट्रेस आणि डिटर्मिनंट. A^n चा ट्रेस 5^n + 2^n यायला हवा आणि डिटर्मिनंट 10^n. वरच्या A^10 मध्ये 6510758 + 3255891 = 9766649 आणि 9765625 + 1024 पण तेवढेच.

पण समज कुणी P मध्ये (1, 1) आधी लावला आणि D मध्ये 2 आधी लिहिला, म्हणजे क्रम उलटासुलटा झाला. ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, आणि वरचे दोन्ही चेक तिला पकडत नाहीत! n = 0 ला तर D^0 आयडेंटिटीच असतं, मग आतला क्रम काहीही असो. आणि n = 1 ला हे चुकीचं सूत्र `[3 -1; -2 4]` देतं, त्याचा ट्रेस 7, डिटर्मिनंट 12−2 = 10, दोन्ही अगदी बरोबर. आकडे मात्र A चे नाहीत.

म्हणून तिसरा चेक सोडायचाच नाही: n = 1 टाकून चारही आकडे A शी जुळवायचे. (10+2)/3 = 4, (5−2)/3 = 1, (10−4)/3 = 2, (5+4)/3 = 3. जुळलं. n = 0 आणि n = 1 दोन्ही जुळले तर 2×2 मध्ये, दोन वेगळ्या आणि बरोबर आयगेनव्हॅल्यू असताना, सूत्र बरोबरच असतं, कारण प्रत्येक आकडा c·5^n + d·2^n अशा रूपात असतो आणि c, d ठरवायला दोन n पुरतात. वेळ कमी असेल तर ट्रेस सोड पण n = 1 नको सोडूस.

माझा आयगेनव्हेक्टर (−1, 2) आला, मैत्रिणीचा (1, −2), पुस्तकात तिसराच. मार्क जातील का?

नाही. आयगेनव्हेक्टर म्हणजे दिशा, तिला शून्य सोडून कुठल्याही आकड्याने गुण. P बदलेल, P⁻¹ पण त्याच्याबरोबर बदलेल आणि PD^nP⁻¹ तेच राहील. तसंच आधी 2 मग 5 असा क्रम घेतला तरी चालतं, फक्त P आणि D दोन्हीत तोच क्रम पाहिजे. आणि एक, दिशेत अपूर्णांक आला तर गुणून घालवून टाक, (1/2, −1) घेऊन पुढची दोन पानं भागाकारात कशाला घालवायची.

P⁻¹AP की PAP⁻¹? दरवेळी गोंधळ होतो.

पाठ करूच नकोस. फक्त AP = PD एवढं लक्षात ठेव, ते खरं आहे हे डोळ्यांनी दिसतं: A ने P चा प्रत्येक कॉलम त्याच्या आयगेनव्हॅल्यूच्या पटीत होतो आणि P ला उजवीकडून D ने गुणलं की कॉलमच त्या पटीत होतात. आता A एकटा पाहिजे तर उजवीकडून P⁻¹ लाव, A = PDP⁻¹. D एकटा पाहिजे तर डावीकडून P⁻¹ लाव, D = P⁻¹AP. संपलं.

आधी रो ऑपरेशन करून A सोपं करून घेतलं आणि मग आयगेनव्हॅल्यू काढल्या तर?

अजिबात नाही. हे दरवर्षी कुणीतरी करतंच आणि त्याला वाटतं आपण शॉर्टकट मारला. `[4 1; 2 3]` मध्ये दुसऱ्या रोमधून पहिलीची अर्धी वजा केली तर `[4 1; 0 2.5]` मिळतं. त्याच्या आयगेनव्हॅल्यू डायगोनलवरच्या 4 आणि 2.5. खऱ्या होत्या 5 आणि 2. डिटर्मिनंट दोन्हीकडे 10 राहिला म्हणून संशयही येत नाही, ट्रेस मात्र 7 चा 6.5 झालाय. रो ऑपरेशन A − λI वर करायची, λ ठरल्यावर, आयगेनव्हेक्टर शोधताना. त्याआधी A ला हात लावायचा नाही.

आयगेनव्हॅल्यू रिपीट झाली की डायगोनलाइज होत नाही, असंच ना?

असं नाही! हा गैरसमज इतका पसरलाय की मी दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवूनच दाखवते.

पहिलं, `[2 1 1; 1 2 1; 1 1 2]`. आयगेनव्हॅल्यू 4, 1, 1. एक दोनदा आली. A − I घेतलं तर सगळे एक-एकच उरतात, तीनही रो सारख्या, एकच अट राहते: x + y + z = 0. तीन अनोळखी, अट एकच, म्हणजे दोन मोकळ्या दिशा मिळतात, उदाहरणार्थ (1, −1, 0) आणि (1, 0, −1). 4 साठी (1, 1, 1). एकूण तीन लिनिअरली इंडिपेंडंट व्हेक्टर मिळाले, P तयार, डायगोनलाइज होतं. (सिमेट्रिक मॅट्रिक्सचं रिअल आकड्यांत हे नेहमीच होतं, तिथे काळजीच नाही.)

दुसरं, `[4 1; -1 2]`. ट्रेस 6, डिटर्मिनंट 9, म्हणजे (λ − 3)² = 0, 3 दोनदा. A − 3I = `[1 1; -1 -1]`, अट x + y = 0, दिशा एकच, (1, −1). दुसरी दिशा मिळतच नाही. P ला दुसरा कॉलम कुठून आणणार? हे डायगोनलाइज होत नाही, आणि त्यात तुझी काही चूक नाही.

म्हणजे बघायचं काय, तर आयगेनव्हॅल्यू जितक्या वेळा आली तितक्या मोकळ्या दिशा A − λI मधून निघतात का. सगळ्या आयगेनव्हॅल्यू वेगवेगळ्या असतील तर हे बघायचीही गरज नाही, डायगोनलाइज होणारच. रिपीट झाली तरच मोजायचं. मागच्या एका बॅचमधल्या मुलीने दुसऱ्या उदाहरणात (1, −1) आणि (2, −2) असे दोन व्हेक्टर लावून P बनवला, आणि मग P⁻¹ काढताना डिटर्मिनंट शून्य आला म्हणून तासभर आपलं भागाकाराचं गणित शोधत बसली. P चा डिटर्मिनंट शून्य आला की समजायचं, दिशा कमी पडल्यात, भागाकारात काही शोधू नकोस.

मग अशा मॅट्रिक्सची पॉवर काढायचीच नाही का?

काढता येते, आणि 2×2 ला तर मस्त सोपी आहे. A = 3I + N लिहायचं, N = `[1 1; -1 -1]`. N चा वर्ग करून बघ, शून्य येतो. I सगळ्यांशी कम्युट करतं म्हणून बायनॉमियल चालतं, आणि N² पासून पुढचं सगळं शून्य, उरतात फक्त दोन टर्म:

```
A^n = 3^n I + n·3^(n−1) N
    = 3^(n−1) [ 3+n   n ; −n   3−n ]
```

n = 2 टाकलं तर `[15 6; -6 3]`, गुणून बघ, तेच येतं. इथे बाहेर जो n आला ना, तो डायगोनलाइज होणाऱ्या मॅट्रिक्समध्ये कधीच येत नाही, तिथे फक्त λ^n चे पट असतात. उलट सांगायचं तर तुझ्या सूत्रात दोन वेगळ्या आयगेनव्हॅल्यू असताना सुटा n दिसला तर कुठेतरी चुकलंय.

याचा खरोखर उपयोग कुठे? परीक्षेपुरतंच का?

सदाशिव पेठेतल्या दोन मेसचं गणित घेऊ, आकडे माझ्या मनाचे आहेत. दोन्ही मेसमध्ये मिळून २०० पोरं जेवतात. दर महिन्याला पहिल्या मेसमधली २० टक्के पोरं कंटाळून दुसरीकडे जातात आणि दुसऱ्यातली ३० टक्के पहिल्याकडे येतात. सुरुवातीला पहिल्यात ४०, दुसऱ्यात १६०. बऱ्याच महिन्यांनी काय होईल?

मॅट्रिक्स `[0.8 0.3; 0.2 0.7]`. कॉलमची बेरीज 1 आहे, कारण पोरं कुठेतरी जेवणारच, हरवत नाहीत. ट्रेस 1.5, डिटर्मिनंट 0.56 − 0.06 = 0.5, आयगेनव्हॅल्यू 1 आणि 0.5. 1 साठी 0.2x = 0.3y, म्हणून (3, 2). 0.5 साठी (1, −1).

आता P⁻¹ च्या भानगडीत न पडता सुरुवातीच्या व्हेक्टरलाच फोडू. (3, 2) चे २०० मध्ये वाटे पाडले तर (120, 80). उरलं (40, 160) − (120, 80) = (−80, 80), म्हणजे −80 गुणिले (1, −1). झालं:

```
n महिन्यांनी = (120, 80) − 80·(0.5)^n · (1, −1)
```

पहिल्या महिन्यानंतर ८० आणि १२०, दुसऱ्यानंतर १०० आणि १००, तिसऱ्यानंतर ११० आणि ९०, चौथ्यानंतर ११५ आणि ८५. अंतर दर महिन्याला बरोबर अर्धं होतंय, कारण दुसरी आयगेनव्हॅल्यू 0.5 आहे. (पाचव्या महिन्यात ११७.५ येईल, अर्धा पोरगा काही नसतो, हे सरासरीचं मॉडेल आहे.) पोरं थांबत नाहीत, दर महिन्याला जातयेतच असतात, पण १२० चे २० टक्के २४ आणि ८० चे ३० टक्के पण २४, जाणारे-येणारे सारखे झाले की आकडा हलत नाही.

मला यात सगळ्यात आवडतं ते हे की शेवटी कुठे पोचणार ते आयगेनव्हॅल्यू 1 चा व्हेक्टर सांगतो आणि किती लवकर पोचणार ते दुसरी आयगेनव्हॅल्यू सांगते. ती 0.5 ऐवजी 0.95 असती तर अंतर निम्मं व्हायलाच चौदाएक महिने गेले असते.

आमच्या पुस्तकात रोची बेरीज 1 आहे, कॉलमची नाही. कोण बरोबर?

दोघंही. तिथे व्हेक्टर आडवा लिहून डावीकडून गुणतात, आपण उभा लिहून उजवीकडून. एकाचं मॅट्रिक्स दुसऱ्याचा ट्रान्सपोज, आयगेनव्हॅल्यू त्याच. फक्त सरमिसळ करायची नाही. रोवाल्या मॅट्रिक्सला उभा व्हेक्टर लावला की 1 साठी (1, 1) मिळतो आणि पोरं लिहितात की शेवटी दोन्ही मेसमध्ये शंभर शंभर. एकूण पोरांची बेरीज प्रत्येक महिन्याला २०० राहतेय का हे पहिल्याच स्टेपला बघ, लगेच उघडं पडतं.

आयगेनव्हॅल्यू शून्य आली तर डायगोनलाइज होईल का?

होऊ शकतं. इनव्हर्स P चा लागतो, A चा नाही. `[1 0; 0 0]` ला इनव्हर्स नाही पण ते डायगोनलच आहे. `[1 1; 0 1]` ला इनव्हर्स आहे पण डायगोनलाइज होत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

P⁻¹ न काढता A^n मिळेल असा काही मार्ग?

आहे, आणि चेक करायला मी तोच वापरते. आपल्या `[4 1; 2 3]` साठी A² = 7A − 10I असतं, केली-हॅमिल्टनने. म्हणजे A ची कुठलीही पॉवर aA + bI अशी लिहिता येते. a, b साठी A च्या जागी आयगेनव्हॅल्यू टाकायच्या:

```
5a + b = 5^n
2a + b = 2^n
```

वजा केलं की a = (5^n − 2^n)/3 आणि b = 2^n − 2a. n = 10 ला a = 3254867, वरच्या A^10 मधला पहिल्या रोतला दुसरा आकडा तोच आहे, कारण तिथे A मध्ये 1 आहे आणि I मध्ये 0. पेपरात "डायगोनलाइज करून काढा" म्हटलं असेल तर मात्र P, D, P⁻¹ दाखवावेच लागतात, नाहीतर स्टेप मार्क्स जातात. हा मार्ग कच्च्या कामात ठेव.

लॅपटॉपवर numpy ने केलं तर आकडे वेगळेच येतात, असं का?

दोन वेगळ्या कारणांनी.

एक म्हणजे `np.linalg.eig` प्रत्येक आयगेनव्हेक्टरची लांबी 1 करून देतं, म्हणून (1, 1) च्या जागी 0.7071 दिसतं. ते बरोबरच आहे, दिशा तीच. आयगेनव्हॅल्यूचा क्रमही अमुकच असेल असं गृहीत धरू नकोस, व्हेक्टर कॉलममध्ये त्याच क्रमाने येतात एवढंच पक्कं.

दुसरं खरोखर चुकीचं असतं, आणि ते गप्प चुकतं:

```python
import numpy as np
A = np.array([[4, 1], [2, 3]], dtype=np.int64)
print(np.linalg.matrix_power(A, 27))
print(np.linalg.matrix_power(A, 28))
```

२७ पर्यंत उत्तर बरोबर येतं. २८ ला दुसऱ्या कॉलममध्ये निगेटिव्ह आकडे येतात, आणि A मधले सगळे आकडे पॉझिटिव्ह असताना पॉवर निगेटिव्ह येणं शक्यच नाही. कारण असं की `int64` मध्ये साधारण 9.22 × 10^18 पर्यंतच मावतं आणि त्याच्या पुढे गेलं की आकडा गुंडाळून परत खालून सुरू होतो, एररही येत नाही. पहिला कॉलम जास्त फसवा आहे, तो पॉझिटिव्हच दिसतो, पण २७ वरून २८ ला जाताना तो जवळजवळ पाचपट व्हायला पाहिजे आणि इथे दीडपटही होत नाही. मोठी आयगेनव्हॅल्यू 5 आहे हे माहीत असेल तर ही चूक डोळ्यात भरते.

पायथनचे साधे पूर्णांक कितीही मोठे होतात, म्हणून आपलं सूत्र तसंच टाकलं की नेमकं उत्तर मिळतं:

```python
n = 28
print((2*5**n + 2**n)//3, (5**n - 2**n)//3)
```

आणि `[4 1; -1 2]` सारखं डायगोनलाइज न होणारं मॅट्रिक्स `eig` ला दिलं तर ते "होत नाही" असं सांगत नाही, दोन व्हेक्टर देतंच. पण नीट बघितलं तर दोन्ही कॉलम जवळजवळ एकाच रेषेत असतात. `np.linalg.cond(P)` काढून बघ, आकडा अवाढव्य आला की त्या P चा इनव्हर्स वापरायचा नाही, वहीत N वाला मार्ग घ्यायचा.